स्कायरिमचे डोंगर आणि सहा जीबीची मर्यादा

७ फेब्रुवारी २०१२ रोजी बेथेस्डा कंपनीने आपल्या ‘स्कायरिम’ या गेमसाठी स्टीमवर एक मोफत पुरवणी दिली. तिच्यात नवी कथा नव्हती, नवी शस्त्रे नव्हती, नवा प्रदेशही नव्हता. होते ते जुन्याच दगडांचे, भिंतींचे, लाकडाचे आणि कापडाचे अधिक बारकाईने रंगवलेले पृष्ठभाग. गेम तीनच महिन्यांपूर्वी, ११ नोव्हेंबर २०११ला आला होता. हौशी लोकांनी असे पृष्ठभाग स्वतः तयार करून वाटायला तोवर सुरुवातही केली होती. आज तेरा-चौदा वर्षांनंतरही हे काम थांबलेले नाही. स्कायरिमसाठी डोंगरांचे, रस्त्यांचे, घरांचे, अगदी टेबलावरच्या चमच्यांचेही नवे संच निघत असतात, आणि ते बसवणाऱ्यांच्या तक्रारीही त्याच आहेत: गेम अडखळतो, मान वळवली की क्षणभर थिजतो, एखाद्या गावाच्या वेशीवर अचानक बंद पडतो.

या तक्रारींमागे फार थोडी कारणे असतात. ती एकदा कळली, की कोणता संच बसवावा, कोणता टाळावा आणि बिघडले तर कुठे पाहावे हे बहुतेक वेळा स्वतःलाच ठरवता येते. आपल्याकडे अनेक लॅपटॉपमध्ये चार किंवा सहा जीबी ग्राफिक्स स्मृतीचे कार्ड असते. त्यांच्यासाठी हा हिशेब विशेष उपयोगाचा आहे.

एका चित्राचे वजन

गेममधली प्रत्येक वस्तू म्हणजे त्रिकोणांचा एक सांगाडा आणि त्यावर चढवलेले चित्र. या चित्राला टेक्श्चर म्हणतात. डोंगराच्या एका कड्याला स्कायरिममध्ये किमान दोन फाईल लागतात. `mountainslab02.dds` या फाईलमध्ये दगडाचा रंग असतो, आणि `mountainslab02_n.dds` या फाईलमध्ये त्याचा खडबडीतपणा, म्हणजे प्रकाश कुठे कसा वळेल याची माहिती. नवा संच बसवणे म्हणजे याच नावाच्या, पण मोठ्या फाईल त्याच पत्त्यावर ठेवणे. गेमच्या मूळ फाईल `.bsa` नावाच्या गठ्ठ्यांमध्ये बांधलेल्या असतात. `textures` फोल्डरमध्ये त्याच नावाची सुटी फाईल सापडली, तर गेम गठ्ठ्यातली सोडून सुटी फाईल उचलतो. पत्ता किंवा नाव चुकले, तर तुमची फाईल कुणी वाचतच नाही आणि जुनाच दगड दिसत राहतो. वस्तूने मागितलेले टेक्श्चर कुठेच सापडले नाही, तर ती वस्तू भडक जांभळी दिसते.

आता वजनाकडे वळू. ‘४के’ टेक्श्चर म्हणजे ४०९६ बाय ४०९६ ठिपके, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट दिले, तर हे एक चित्र ६४ एमबीचे होते. अशी शेकडो चित्रे नेहमीच्या कार्डाला पेलणार नाहीत. म्हणून गेमची टेक्श्चर खास पद्धतीने दाबलेली असतात. चार बाय चार ठिपक्यांचा प्रत्येक चौकोन ठरलेल्या जागेत बसवायचा, म्हणजे कार्डाला तो सगळा न उलगडता हवा तिथून थेट वाचता येतो. `BC7` या प्रकारात एका ठिपक्याला एक बाइट पडतो आणि ६४ एमबीचे १६ एमबी होतात. `BC1` हा जुना प्रकार त्याच्याही निम्म्यात, म्हणजे ८ एमबीत बसतो. पण त्यात रंगांच्या पायऱ्या उमटतात आणि खडबडीतपणाच्या फाईलमध्ये चौकोनी डाग दिसतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिस्कवर संच किती मोठा आहे यावरून कार्डावर किती भार पडेल हे कळत नाही. डाउनलोड केलेला गठ्ठा झिप केलेला असतो, तर ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, फाईल `BC7` किंवा `BC1` याच रूपात जाते. तिथे फरक पडतो तो फक्त रुंदी, उंची आणि दाबण्याच्या प्रकाराने. साधा, एकाच रंगाचा ४के चौकोनही `BC7` मध्ये तेवढेच १६ एमबी खातो.

डोळ्यापर्यंत काय पोहोचते

या १६ एमबीत अजून एक भर पडते. प्रत्येक टेक्श्चरसोबत त्याच्याच लहान होत जाणाऱ्या प्रती साठवलेल्या असतात: ४०९६, मग २०४८, मग १०२४, आणि असे करत शेवटी एक ठिपका. या उतरंडीला मिपमॅप म्हणतात. दगड दूर असेल तर कार्ड लहान प्रत वापरते, जवळ आला की मोठी. ही सोय नसेल, तर दूरच्या रस्त्यावर खडे चमचमल्यासारखे दिसतात, कारण पडद्यावरच्या एका ठिपक्यात टेक्श्चरचे शंभर ठिपके कोंबले जातात आणि प्रत्येक क्षणी त्यातला वेगळाच एक दिसतो. एखाद्या संचामुळे असे चमचमणे सुरू झाले, तर त्याच्या फाईलमध्ये मिपमॅप नाहीत, असे बहुधा समजावे.

प्रत्येक पुढची प्रत आधीच्या एक-चतुर्थांश असते. त्यामुळे संपूर्ण उतरंड मिळून वजन एक-तृतीयांशाने वाढते: `BC7` मधले ४के टेक्श्चर १६ वरून सुमारे २१.३ एमबी होते. २के म्हणजे ५.३ एमबी, १के म्हणजे १.३ एमबी, आणि ८के तब्बल ८५ एमबी.

हे आकडे उलट बाजूने वाचले, की या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हाती येते. ४के फाईलच्या एकूण वजनातला तीन-चतुर्थांश भाग केवळ सर्वात वरच्या एका प्रतीचा आहे. आणि ती वरची प्रत तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते कधी? १९२० बाय १०८० या नेहमीच्या पडद्यावर एकूण ठिपके सुमारे २० लाख ७३ हजार असतात. ४के टेक्श्चरमध्ये त्याच्या आठपट ठिपके आहेत. कार्ड साधारणपणे पडद्याच्या एका ठिपक्याला टेक्श्चरचा एक ठिपका जुळेल अशी प्रत निवडते. टेबलावरचा प्याला पडद्यावर दोनशे ठिपके रुंद दिसत असेल, तर कार्ड त्याची २५६ किंवा फार तर ५१२ची प्रत वापरते. ४०९६ची प्रत स्मृतीत बसून राहते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

याउलट डोंगराचा कडा घ्या. स्कायरिममध्ये डोंगरांचे सांगाडे प्रचंड मोठे आहेत आणि एकच टेक्श्चर त्यांच्यावर लांबवर ताणलेले असते. कड्याच्या पायथ्याशी उभे राहिले, की त्या चित्राचा एक लहानसा तुकडाच सगळा पडदा व्यापतो. इथे २केचे ठिपके कमी पडतात आणि दगड धूसर दिसतो. ४केचा फरक इथे खरोखर दिसतो. पात्राच्या हातातले शस्त्र, अंगावरचे चिलखत आणि हातांची त्वचा यांचेही तसेच आहे, कारण ते सतत कॅमेऱ्याच्या जवळ असतात.

म्हणून मोठे टेक्श्चर कुठे घालायचे हे वस्तूच्या महत्त्वावर ठरवू नये. ती वस्तू पडद्यावर किती मोठी होऊन दिसते आणि तिच्यावर चित्र किती ताणले आहे, यावर ठरवावे.

सहा जीबीचा ताळेबंद

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. गेम स्कायरिमची २०१६ची ‘स्पेशल एडिशन’, पडदा १९२० बाय १०८०, कार्ड सहा जीबीचे, म्हणजे ६१४४ एमबी. पुढचे आकडे हिशेब कसा करायचा हे दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या संगणकावरचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील.

समजा विंडोज, ब्राउझर आणि उघड्या असलेल्या इतर गोष्टी मिळून ७०० एमबी घेतात. गेम स्वतः पडद्याच्या चित्रासाठी, सावल्यांसाठी आणि सांगाड्यांसाठी १३०० एमबी घेतो. सुमारे ५०० एमबी मोकळे ठेवायला हवेत, कारण युद्ध, पाऊस आणि जादूच्या परिणामांच्या वेळी गरज अचानक वाढते. उरले सुमारे ३६०० एमबी. टेक्श्चरसाठीचा आपला खरा निधी एवढाच, सहा जीबी नव्हे.

आता समजा, व्हाइटरन शहराबाहेरच्या शेतात उभे असताना आसपासच्या सगळ्या वस्तूंसाठी ३०० फाईल लागतात. इथे वस्तू मोजायच्या नाहीत, वेगवेगळ्या फाईल मोजायच्या. एकाच प्रकारची पन्नास पिंपे असली, तरी त्यांचे टेक्श्चर स्मृतीत एकदाच जाते. या ३०० फाईल सगळ्या ४के आणि `BC7` असतील, तर ६४०० एमबी लागतील. निधी जवळपास दुपटीने ओलांडला. सगळ्या २के ठेवल्या, तर १६०० एमबी. आता तिसरा मार्ग पाहू: डोंगर, मोठ्या भिंती आणि अंगावरच्या वस्तू अशा ४० फाईल ४के, त्यांचे ८५३ एमबी. घरे, झाडे, रस्ते अशा १६० फाईल २के, त्यांचेही ८५३ एमबी. प्याले, टोपल्या, पुस्तके अशा १०० फाईल १के, त्यांचे १३३ एमबी. एकूण सुमारे १८४० एमबी.

सगळे २के ठेवण्यापेक्षा हा खर्च जेमतेम अडीचशे एमबीने जास्त आहे. पण डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला दिसणारे दृश्य ४केच्या संचासारखेच आहे. शिवाय नव्या पात्रांसाठी, चिलखतांसाठी आणि गजबजलेल्या जागांसाठी सतराशे एमबीच्या वर जागा शिल्लक आहे.

प्रत्यक्षात हे करताना आधी गेम काहीही न बदलता चालवा. वर्दळीच्या दोन-तीन जागा निवडून तिथे सेव्ह करून ठेवा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये `Performance` या पानावर `GPU` निवडला, की खाली `Dedicated GPU memory` आणि `Shared GPU memory` असे दोन आकडे दिसतात. प्रत्येक जागी दोन्ही लिहून घ्या. लॅपटॉपमध्ये अनेकदा `GPU 0` आणि `GPU 1` असे दोन दिसतात. त्यातला एक प्रोसेसरमधला असतो, म्हणून गेम ज्यावर चालतो आहे त्याचेच आकडे पाहा.

मग संच एकेक करून बसवा: आधी डोंगर आणि जमीन, मग इमारती, आणि किरकोळ वस्तू शेवटी. ‘मॉड ऑर्गनायझर २’ वापरणे सोयीचे, कारण ते प्रत्येक संच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि गेमच्या मूळ फोल्डरला हात लावत नाही. दोन संचांत एकाच नावाची फाईल असेल, तर यादीत खाली असलेला संच जिंकतो. कुणाची फाईल कुणी झाकली, हे नावाशेजारच्या चिन्हावरून कळते. प्रत्येक संचानंतर त्याच जागी जाऊन आकडे पुन्हा लिहा. सगळे संच एका दमात बसवले, तर बिघाड कुणामुळे झाला हे शोधणे फार जड जाते.

एखादा संच फक्त ४केमध्ये मिळतो आणि तुम्हाला तो २के हवा असतो. मायक्रोसॉफ्टचे `texconv` हे छोटे साधन यासाठी पुरते:

```
texconv -w 2048 -h 2048 -m 0 -f BC7_UNORM -y -o D:\out D:\in\*.dds
```

`-w` आणि `-h` म्हणजे नवी रुंदी आणि उंची, `-m 0` म्हणजे मिपमॅपची पूर्ण उतरंड तयार करणे, `-f` म्हणजे दाबण्याचा प्रकार. मात्र ही आज्ञा समोर येईल ती प्रत्येक फाईल २०४८ची करते. लहान फाईल विनाकारण फुगतात आणि लांबट फाईल चौकोनी होऊन त्यांचे चित्र दबते. म्हणून `in` फोल्डरमध्ये फक्त चौरस ४के फाईल ठेवा. तयार झालेल्या फाईल मूळ पत्त्याच्या फोल्डरांत ठेवून त्यांचा वेगळा संच करा आणि तो यादीत मूळ संचाच्या खाली लावा. मूळ संच सुरक्षित राहतो, आणि नको वाटले तर एका टिचकीने परत येता येते.

भरलेल्या कार्डाचे वागणे

व्हीरॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, आणि संगणकाची मुख्य स्मृती म्हणजे शेजारची कोठीची खोली. ओट्यावर जागा उरली नाही, तरी स्वयंपाक थांबत नाही. पण प्रत्येक डबा आणायला खोलीत जावे लागते. स्कायरिमची स्पेशल एडिशन ज्यावर चालते त्या डायरेक्टएक्स ११मध्ये हेच घडते. कार्ड भरले की विंडोज काही टेक्श्चर मुख्य स्मृतीत हलवते आणि कार्ड ती तिथून ओढून घेते. `Shared GPU memory` या आकड्याचा अर्थ हाच. आरटीएक्स ४०६० या आठ जीबीच्या कार्डाची स्वतःची स्मृती सेकंदाला २७२ जीबी वेगाने वाचली जाते, पण मुख्य स्मृतीशी त्याला जोडणारी वाट सेकंदाला सुमारे १६ जीबीचीच आहे. म्हणजे वेगात सतरापट फरक. म्हणूनच गेम बंद न पडता अडखळतो.

हे ओळखण्याची खूण अशी: `Dedicated` जवळजवळ पूर्ण भरलेला, त्याच वेळी `Shared` सुरुवातीपेक्षा शेकडो एमबींनी चढत चाललेला, आणि पात्र वळले की झटका. एकटा `Dedicated` भरलेला दिसला म्हणून घाबरू नये. मागे पडलेली टेक्श्चर जागा असेपर्यंत स्मृतीत राहू देणे हे सोयीचेच असते. `Shared`ही कधी शून्य नसतो. पाहायची ती वाढ.

स्कायरिममध्ये हे झटके ठरावीक जागी का येतात, हे कळायला त्याची भूमी कशी भरली जाते ते पाहावे लागते. सारा प्रदेश चौरस घरांमध्ये विभागलेला आहे. प्रत्येक घराची बाजू गेमच्या मापात ४०९६ एकक, म्हणजे साधारण ५८ मीटर. तुमच्याभोवतीची पाच बाय पाच, अशी २५ घरे पूर्ण तपशिलासह भरलेली असतात आणि त्यापलीकडे दिसते ते दुरून पाहण्यासाठी बनवलेले सोपे रूप. तुम्ही एका घराची सीमा ओलांडली, की पुढच्या पाच घरांतल्या वस्तू आणि त्यांची टेक्श्चर भरली जातात. रोजच्या रस्त्यावर दर साठेक मीटरांवर झटका बसत असेल, तर तो याच भरण्याचा असतो. सेटिंगच्या फाईलमध्ये `uGridsToLoad` हा आकडा ५चा ७ करा, असा सल्ला कुणी दिला तर मानू नये. घरे २५ची ४९ होतात, स्मृतीची गरज त्याच प्रमाणात फुगते, आणि दूरच्या घटना वेळेआधी सुरू झाल्याने सेव्ह फाईलही बिघडू शकते.

नव्या गेमची पद्धत याहून बारीक असते. अनरिअल इंजिनवरचे गेम टेक्श्चरची संपूर्ण उतरंड एकदम भरत नाहीत. जेवढी प्रत पडद्यावर लागेल तेवढीच आणतात आणि त्यासाठी ठरलेला एक साठा राखून ठेवतात. याला टेक्श्चर स्ट्रीमिंग म्हणतात. अशा गेममध्ये मोठा संच घातला आणि साठा तेवढाच ठेवला, तर वेगळाच परिणाम होतो: गेम बंद पडत नाही, उलट अधिक धूसर दिसतो. एका मोठ्या टेक्श्चरला जागा देण्यासाठी इंजिन दुसऱ्या चार टेक्श्चरच्या वरच्या प्रती काढून टाकते. भिंत आधी पुसट दिसते, दोन सेकंदांनी स्पष्ट होते किंवा कधीच होत नाही. अशा काही गेममध्ये `Engine.ini` या फाईलमध्ये साठा वाढवता येतो:

```
[SystemSettings]
r.Streaming.PoolSize=3000
```

हा आकडा एमबीमध्ये आहे. सहा जीबीच्या कार्डावर ६००० लिहिणे मात्र धोक्याचे, कारण या साठ्यात पडद्याचे चित्र, सावल्या आणि सांगाडे धरलेले नसतात. वर केलेला ताळेबंद इथेही तसाच लागू होतो.

गेम बंदच पडला, तर

अडखळणे आणि बंद पडणे यांची कारणे वेगळी आहेत, आणि इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. पहिले उदाहरण २०११च्या मूळ स्कायरिमचे. तो ३२ बिटचा प्रोग्रॅम होता. अशा प्रोग्रॅमला विंडोज दोन जीबीपर्यंतचेच पत्ते देते, मग संगणकात सोळा जीबी रॅम का असेना. डिसेंबर २०११मधल्या एका अपडेटने ही मर्यादा चार जीबीपर्यंत नेली. पण डायरेक्टएक्स ९च्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे टेक्श्चरची एक प्रत कार्डात आणि दुसरी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पत्त्यांतही राहायची. त्यामुळे अधिक बारीक टेक्श्चर घातली, की कार्डात जागा असूनही पत्ते संपायचे आणि गेम कोणताही संदेश न देता नाहीसा व्हायचा. बोरिस वोरोंत्सोव्ह यांनी आपल्या ईएनबी या साधनात यावर फार हुशार तोड काढली: टेक्श्चरच्या प्रती गेममध्ये न ठेवता `enbhost.exe` नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायच्या, म्हणजे त्याचे पत्ते वेगळे मोजले जातील. आजही कुणी जुनी आवृत्ती खेळत असेल, तर त्याला व्हीरॅमच्या आधी याच मर्यादेचा विचार करावा लागतो.

२८ ऑक्टोबर २०१६ला आलेली स्पेशल एडिशन ६४ बिटची आहे. पत्त्यांची ती भिंत पडली, पण दुसरी एक उरली. कोणत्याही प्रोग्रॅमने स्मृती मागितली, की विंडोज ती कधीतरी द्यावी लागेल असे धरून तिची नोंद करते. कार्डावर घेतलेल्या जागेचीही अशी नोंद होते, कारण गरज पडल्यास ती टेक्श्चर बाहेर काढून ठेवायला जागा हवी. या सगळ्या नोंदींची बेरीज रॅम आणि डिस्कवरची पेजफाईल यांच्या एकूण मापापलीकडे जाऊ शकत नाही. कुणाकडे आठ जीबी रॅम असते, आणि ‘एसएसडी झिजू नये’ म्हणून पेजफाईल बंद किंवा अगदी लहान केलेली असते. कार्डात जागा असते, रॅमही काही मोकळी दिसते, तरी नव्या टेक्श्चरची मागणी नाकारली जाते. ती नाकारली गेल्यावर काय करायचे हे गेमला ठाऊक नसते आणि तो कोसळतो. वेगाने प्रवास करून नव्या गावात उतरताना हे विशेष घडते, कारण तेव्हा पंचवीसच्या पंचवीस घरे एकदम भरायची असतात.

हे तपासणे सोपे आहे. टास्क मॅनेजरच्या `Memory` पानावर `Committed` नावाखाली दोन आकडे असतात: नोंद झालेली स्मृती आणि तिची मर्यादा. खेळताना पहिला आकडा दुसऱ्याच्या अगदी जवळ जात असेल, तर कारण हेच. विंडोजच्या `Event Viewer` मध्ये `Resource-Exhaustion-Detector` या नावाने २००४ क्रमांकाची नोंद सापडली, तर शंका उरतच नाही. यावर उपाय म्हणजे पेजफाईल पुन्हा सुरू करणे. मोठ्या मॉड-संग्रहांसोबत साधारणपणे किमान २०४८० आणि कमाल ४०९६० एमबी ठेवायला सांगितले जाते. पेजफाईल एसएसडीवर असावी आणि त्या डिस्कवर तेवढी जागा मोकळी हवी. त्यानंतरही अडखळणे राहिले, तर तो व्हीरॅमचा प्रश्न आहे. पेजफाईल वाढवून गेम वेगवान होत नाही, तिचे काम फक्त कोसळणे टाळण्याचे आहे.

तिसरी शक्यता फाईलच खराब असण्याची. ती ओळखायची ती पुनरावृत्तीवरून. स्मृती संपल्याने होणारा क्रॅश तासाभराच्या खेळानंतर, कधी या गावात तर कधी त्या गावात होतो. खराब फाईलमुळे होणारा क्रॅश गेम नुकताच सुरू केलेला असला तरी त्याच दाराशी, त्याच माणसाजवळ होतो. स्कायरिमसाठी क्रॅशची नोंद ठेवणारे मॉड मिळतात. ते कोसळण्याच्या क्षणी गेम काय वाचत होता याची यादी लिहून ठेवतात. स्पेशल एडिशनच्या १.५.९७ या आवृत्तीत `D6DDDA` हा पत्ता दिसला, तर टेक्श्चर तयार करताना अपयश आले असे समजतात. पण त्यामागे स्मृतीची कमतरता आणि खराब फाईल ही दोन्ही कारणे असू शकतात. म्हणून यादीत एकच `.dds` नाव पुन्हा पुन्हा येते का ते पाहावे. येत असेल, तर ती फाईल ज्या संचाची आहे तो बंद करून तीच सेव्ह उघडावी. दर वेळी वेगवेगळी नावे येत असतील, तर `Committed`कडे वळावे.

यावरून कामाचा क्रमही ठरतो. गेम कोसळत असेल, तर आधी पेजफाईल आणि खराब फाईल पाहाव्या, टेक्श्चर लहान करण्याची घाई करू नये. अडखळत असेल, तर किरकोळ वस्तूंच्या फाईल ४केवरून १केवर आणाव्या. प्रत्येक फाईलमागे वीस एमबी सुटतात आणि पडद्यावर फरक दिसत नाही. तरीही भागले नाही तर घरे आणि झाडे २केवर आणावी, आणि डोंगर सर्वात शेवटी. नेहमीच्या १९२० बाय १०८० पडद्यावर ८केच्या फाईल मात्र शक्यतो घेऊच नयेत. वरच्या उदाहरणातला ३६०० एमबीचा सगळा निधी अशा ४२ फाईलमध्येच संपतो, आणि त्यांची सर्वात वरची प्रत दिसण्यासाठी ज्या अंतरावर उभे राहावे लागेल, तिथे गेममध्ये सहसा कुणी उभे राहत नाही.